रेझ्युमेच्या वरच्या पंधरा ओळी

"रेझ्युमे सहा सेकंदांत बघून बाजूला ठेवतात" हे वाक्य तुम्ही कॉलेजच्या प्लेसमेंट कार्यशाळेत नाहीतर एखाद्या सीनिअरकडून नक्की ऐकलं असेल. ऐकून पोटात गोळा येतो आणि पुढे काय करायचं हे मात्र कुणी सांगत नाही. संशोधनाकडे वळणाऱ्या माणसाने असा आकडा ऐकला की पहिला प्रश्न विचारावा: हा आला कुठून? कुणी मोजला, कसा मोजला? तिथूनच सुरुवात करू. कारण आकड्यापेक्षा त्यामागचं मोजमाप आपल्याला जास्त कामाचं आहे.

हा आकडा अमेरिकेतल्या 'द लॅडर्स' या नोकरीविषयक संकेतस्थळाच्या 2012 सालच्या अभ्यासातून आला. त्यांनी 30 रिक्रूटर घेतले आणि 10 आठवडे त्यांची नजर आय-ट्रॅकिंगने टिपली, म्हणजे डोळा कागदावर कुठे जातो आणि कुठे किती वेळ थांबतो याची नोंद ठेवली. हा उमेदवार पुढे न्यायचा की नाही, या पहिल्या निर्णयाला सरासरी सहा सेकंद लागत होते. 2018 मध्ये त्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा हा वेळ 7.4 सेकंद आला.

आता या अभ्यासाच्या मर्यादाही बघू. लॅडर्स ही कंपनी रेझ्युमे लिहून देण्याची सेवाही विकत होती, त्यामुळे 'चांगला रेझ्युमे नसेल तर सहा सेकंदांत बाद' हा निष्कर्ष तिच्या धंद्याला सोयीचा होता. माणसं मोजकी होती आणि सगळी अमेरिकी कंपन्यांसाठी भरती करणारी. शिवाय 7.4 सेकंद म्हणजे पूर्ण वाचन नव्हे, ती पहिली चाळणी. त्यात टिकलेला कागद पुन्हा हातात घेतला जातो आणि नीट वाचला जातो. तेव्हा सेकंदांचा आकडा ब्रह्मवाक्य म्हणून धरू नका. त्या सेकंदांत नजर कुठे गेली, हा भाग मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे.

2012 च्या नोंदीत जवळजवळ 80 टक्के वेळ मोजक्याच गोष्टींवर गेला होता: नाव, सध्याचं पद आणि संस्था, त्याआधीचं पद आणि संस्था, दोन्हींच्या सुरू-शेवटच्या तारखा, आणि शिक्षण. बाकीच्या मजकुरावर नजर फक्त ओळखीचा शब्द सापडतो का हे बघत सरकत होती. 2018 च्या पाहणीत साधी मांडणी, ठळक शीर्षकं आणि वरच्या बाजूला थोडक्यात ओळख असलेल्या रेझ्युमेंवर नजर जास्त टिकली. दाटीवाटीचे, अनेक रकान्यांचे, लांब वाक्यांचे कागद मागे पडले. वेब पानांवर लोक कसे वाचतात याचा जेकब निल्सन यांनी 2006 मध्ये 232 लोकांवर केलेला अभ्यास हेच वेगळ्या वाटेने सांगतो. नजर वरच्या ओळीवर आडवी जाते, मग थोडी खाली येऊन पुन्हा आडवी पण आखूड जाते, आणि नंतर डाव्या कडेने सरळ खाली उतरते. इंग्रजी एफ अक्षरासारखी. पान जसं खाली जातं तसा उजवीकडचा मजकूर नजरेतून सुटत जातो.

यातून रेझ्युमेसाठी दोन साध्या गोष्टी निघतात. महत्त्वाचं वर हवं, आणि ओळीतला महत्त्वाचा शब्द डावीकडे हवा.

पण तुम्ही अर्ज करणार आहात तो प्रकल्पातल्या जेआरएफ किंवा प्रोजेक्ट असोसिएटच्या जागेसाठी. तिथे कागद बघणारा एचआरवाला नसतो. बहुतेक वेळा प्रकल्पाचे मुख्य संशोधक असतात, किंवा त्यांनी ज्याला "अर्जांचा तक्ता करून दे" म्हणून बसवलंय तो लॅबमधला पीएच.डी.चा विद्यार्थी. तो तक्ता कसा असतो हे डोळ्यासमोर आणा. उभे रकाने असतात: पदवी आणि विषय, टक्के, नेट किंवा गेट, वय, कामाचा अनुभव, शेरा. बसवलेला मुलगा एक पीडीएफ उघडतो, रकाने भरतो, पुढची उघडतो. तुमचा कागद त्याला 'आवडायचा' प्रश्न अजून आलेलाच नाही. त्याला रकाना भरायचाय, आणि रकान्याचं उत्तर सापडलं नाही तर तिथे प्रश्नचिन्ह पडतं. चाळीस अर्जांच्या ढिगात प्रश्नचिन्हवाल्या अर्जाला फोन करून खुलासा विचारायला कुणाला सवड नसते.

लॅपटॉपवर पीडीएफ उघडली की आधी पानाचा वरचा भागच दिसतो, बाकीच्यासाठी खाली सरकवावं लागतं. म्हणून सगळा खेळ वरच्या एक तृतीयांशाचा. त्या जागेत नेमकं किती मावतं ते मोजून बघू. ए-फोर कागदाची उंची 29.7 सेंटीमीटर, म्हणजे वरचा तिसरा भाग 9.9 सेंटीमीटरचा. वरचा समास 2 सेंटीमीटर धरला तर उरतात 7.9. अक्षर 11 पॉइंटचं आणि ओळींमधलं अंतर 1.15 ठेवलं तर एक ओळ साधारण अर्ध्या सेंटीमीटरहून किंचित जास्त जागा घेते. म्हणजे हिशेबाने तुमच्याकडे सुमारे 15 ओळी आहेत, मोकळ्या ओळी धरून. हे झालं तुमचं बजेट.

आता हे बजेट सहसा कुठे खर्च होतं ते एका उदाहरणावर बघू. समजा, पंढरपूर तालुक्यातल्या करकंबची एक विद्यार्थिनी आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलंय, विद्यापीठ सोलापूरचं. गावाकडे डाळिंबाच्या बागा, त्यामुळे प्रबंधिकेसाठी तिने डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा विषय घेतला. हा रोग झॅन्थोमोनास जातीच्या जिवाणूमुळे होतो. पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं, आणि बाग हातची जाते. आता तिला एका प्रकल्पातल्या जेआरएफच्या जागेसाठी अर्ज करायचाय. जाहिरातीत आवश्यक पात्रता लिहिली आहे: सूक्ष्मजीवशास्त्र किंवा वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी., किमान 60 टक्के, नेट किंवा गेट. आणि इष्ट पात्रता: वनस्पतींवरचे रोगकारक जिवाणू वेगळे करण्याचा आणि पीसीआरचा अनुभव. ही विद्यार्थिनी आणि जाहिरात दोन्ही कल्पित आहेत, पण अशा जाहिराती तुम्ही रोज बघता.

तिच्या आधीच्या रेझ्युमेच्या वरच्या 15 ओळी अशा होत्या. पहिली ओळ 'करिक्युलम व्हिटे', मधोमध, अधोरेखित. दुसरी मोकळी. तिसरीत नाव. चौथी ते सहावी पूर्ण पत्ता: वडिलांचं नाव, वस्तीचं नाव, मु. पो. करकंब, ता. पंढरपूर, जि. सोलापूर, पिन कोड. सातवीत मोबाइल, आठवीत ईमेल. नववी मोकळी. दहावीत 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' हे शीर्षक, आणि अकरावी ते तेरावी त्याचा मजकूर: नामांकित संस्थेत काम करून माझ्या ज्ञानाचा व कौशल्यांचा उपयोग संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीसाठी करण्याची इच्छा आहे. चौदावी मोकळी. पंधराव्या ओळीवर 'शैक्षणिक पात्रता' हे शीर्षक, आणि तिथे तिसरा भाग संपला. उजव्या कोपऱ्यात पासपोर्ट फोटो.

आता तक्ता भरणाऱ्या मुलाच्या जागी बसा. पंधरा ओळी वाचून कोणता रकाना भरता आला? एकही नाही. पदवी नाही, टक्के नाहीत, नेट नाही, अनुभव नाही. त्याला फक्त ती कुठे राहते आणि तिला प्रगती करायची आहे एवढंच कळलं. गंमत म्हणजे खाली सगळं आहे. एम.एस्सी. आहे, नेट आहे, पीसीआर केलेला आहे. फक्त ते दुसऱ्या पडद्यावर आहे, आणि पीसीआर तर दुसऱ्या पानावर, 'मला येणारी कौशल्ये' या यादीत एमएस-ऑफिस आणि टीमवर्कच्या मधोमध. कमी काही नव्हतं, क्रम चुकला होता.

'ऑब्जेक्टिव्ह'च्या तीन ओळींचा एक सोपा कस लावता येतो. ते वाक्य तसंच उचलून बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या अर्जावर चिकटवून बघा. चिकटलं, तर ते तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही, काढून टाका.

नवी मांडणी करताना जाहिरात शेजारी ठेवायची आणि तिच्या क्रमाने उत्तरं द्यायची. प्रत्यक्षात हे इंग्रजीत असेल, इथे सोयीसाठी मराठीत देते.

ओळ 1: पूर्ण नाव, 16 पॉइंट, ठळक, डावीकडे
ओळ 2: एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र (2025, 68.4 टक्के) | सीएसआयआर-यूजीसी नेट, लाइफ सायन्सेस
ओळ 3: मोबाइल | ईमेल | करकंब, जि. सोलापूर
ओळ 4: मोकळी
ओळ 5 आणि 6: डाळिंबाच्या तेल्या रोगाच्या जिवाणूवर एक वर्षाचं प्रयोगशाळेतलं काम: जिवाणू वेगळे करणं, रोगकारकता चाचणी, पीसीआरने ओळख पटवणं.
ओळ 7: मोकळी
ओळ 8: शिक्षण (शीर्षक)
ओळ 9: एम.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र, विद्यापीठ, 2025, टक्के
ओळ 10: बी.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र, विद्यापीठ, 2023, टक्के
ओळ 11: नेट: महिना-वर्ष, पात्रतेचा प्रकार, गुणांक
ओळ 12: मोकळी
ओळ 13: संशोधनाचा अनुभव (शीर्षक)
ओळ 14: एम.एस्सी. प्रबंधिका: विषय, विभाग, जुलै 2024 ते मे 2025
ओळ 15: 24 बागांतल्या पानांच्या नमुन्यांतून 11 जिवाणू वेगळे केले, 6 ची ओळख पीसीआरने पक्की केली

तेवढ्याच पंधरा ओळी, पण आता वयाचा सोडून तक्त्यातला प्रत्येक रकाना इथूनच भरतो. यातल्या तीन जागा जरा सविस्तर बघण्यासारख्या आहेत.

पहिली जागा नेटची. 'नेट क्वालिफाइड' एवढंच लिहून आता भागत नाही. जून 2024 पासून नेटचा निकाल तीन प्रकारांत लागतो: जेआरएफसह सहायक प्राध्यापक पात्रता, जेआरएफशिवाय सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. सहायक प्राध्यापक पात्रता असलेली नेट प्रकल्पातल्या जेआरएफच्या जागेला सहसा चालते. 'फक्त पीएच.डी. प्रवेश' हा तिसरा प्रकार चालेल की नाही हे त्या त्या जाहिरातीच्या शब्दांवर ठरतं. तुम्ही प्रकार लिहिला नाही तर वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो, आणि पडताळणीच्या वेळी वेगळाच प्रकार निघाला तर तुमच्याबद्दल शंका येते. म्हणून अकराव्या ओळीत प्रकार स्पष्ट लिहायचा.

दुसरी जागा टक्क्यांची. जाहिरात 60 टक्के मागते आणि तुमच्या गुणपत्रिकेवर सीजीपीए असतो. वाचणाऱ्याने तुमच्या विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र शोधून गणित करावं अशी अपेक्षा ठेवू नका. दोन्ही आकडे लिहा, पण टक्के तुमच्या विद्यापीठाने दिलेल्या सूत्रानेच काढा. सगळीकडे दहाने किंवा साडेनऊने गुणून चालत नाही, विद्यापीठागणिक नियम वेगळा असतो. आणि 59.6 चे 60 करू नका. किमान अटीच्या रकान्यात दशांश पडताळला जातो.

तिसरी जागा पंधरावी ओळ. इथे बहुतेक जण लिहितात, "विविध तंत्रांचे ज्ञान". ज्ञान आहे म्हणजे नेमकं काय? प्रात्यक्षिकाच्या तासाला सरांनी पीसीआर करून दाखवला आणि तुम्ही पाहिला, तेही ज्ञानच. स्वतःच्या हाताने डीएनए काढला, प्रायमर वापरले, पहिल्या तीन वेळा जेलवर पट्टाच दिसला नाही आणि चौथ्या वेळी दिसला, तेही ज्ञानच. पण संशोधकाला या दोन माणसांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. तो फरक दाखवायला क्रियापद आणि संख्या लागते: किती नमुने, कशातून, शेवटी काय हाती आलं. संख्या मोठीच हवी असं नाही. 11 पैकी 6 हा आकडा प्रामाणिक वाटतो, कारण जीवशास्त्राच्या प्रयोगात सगळंच जमत नाही हे वाचणाऱ्याला माहीत असतं. मुलाखतीत पहिला प्रश्न याच ओळीवर येईल: "बाकीच्या पाचांचं काय झालं?" त्याचं उत्तर तयार ठेवा.

आता वरून काय गेलं ते बघा. पूर्ण पत्ता गेला, गाव आणि जिल्हा राहिला. वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती हे सगळं वरून गेलं. फोटोही गेला. जन्मतारीख आणि प्रवर्ग हे वयाच्या अटीसाठी किंवा सवलतीसाठी लागतात, पण त्यांची जागा विहित अर्जात असते. जाहिरातीत वेगळा अर्ज नसेल तर रेझ्युमेच्या अगदी शेवटी दोन ओळीत द्या, तिथून वयाचा रकाना भरला जाईल. फोटोचं कारण आणखी साधं आहे. लॅडर्सच्याच 2012 च्या अभ्यासात ऑनलाइन प्रोफाइलवर फोटो होता तिथे बघणाऱ्याचा सुमारे 19 टक्के वेळ फोटोवरच गेला. सात सेकंदांतला सव्वा सेकंद तुमच्या चेहऱ्याला गेला तर तो तुमच्या कामाच्या वाट्यातूनच वजा होणार. जाहिरातीने मागितला असेल तर अर्थातच लावा.

एक गोष्ट मात्र कुठेही हलवता येत नाही, आणि ती पहिल्याच ओळीत असते: नाव. आपल्याकडे नावाबरोबर आडनाव येतं आणि आडनावाबरोबर बरंच काही वाचलं जातं. यावर भारतातला महत्त्वाचा अभ्यास सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा आहे, 2007 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आलेला. थोरात मूळचे महाराष्ट्रातले, त्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. त्यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना 66 आठवड्यांत 4,808 अर्ज पाठवले. सारख्याच पात्रतेचे अर्ज, नावं वेगळी: कुठे उच्चजातीय हिंदू वाटणारं आडनाव, कुठे दलित, कुठे मुस्लिम. उच्चजातीय नावाच्या उमेदवाराला पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याचं पारडं 1 धरलं, तर दलित नावाचं 0.67 आणि मुस्लिम नावाचं 0.33 भरलं. कागदावर बाकी काही कमी नव्हतं.

हे इथे सांगायचं कारण असं की 'मांडणी सुधारा, बोलावणं येईल' हे अर्धसत्य आहे. पहिल्या काही सेकंदांत नजर ज्या गोष्टींवर जाते त्यातली एक मांडणीने बदलता येत नाही, आणि ती बदलायची जबाबदारी अर्ज करणाऱ्याची नाहीच, वाचणाऱ्याची आहे. थोरात-अ‍ॅटवेल यांचा अभ्यास खासगी नोकऱ्यांचा होता, त्यामुळे त्याचे आकडे जसेच्या तसे प्रकल्पातल्या जागांना लावू नयेत. मात्र एवढं करता येतं: नावाच्या लगेच खाली, दुसऱ्या ओळीत, पात्रता इतकी ठोस ठेवायची की नजर पुढच्याच क्षणी तिच्यावर पडावी. आणि उद्या तुम्हीच तक्ता करायला बसाल, तेव्हा नावाचा रकाना सगळ्यात शेवटी भरा.

शेवटी, आपली मांडणी जमली की नाही हे कसं ओळखायचं? कागदाची प्रिंट काढा, आडव्या घड्या घालून तीन समान भाग करा आणि फक्त वरचा भाग दिसेल असा धरा. तुमच्या विषयाबाहेरच्या एखाद्या मित्राला तो सात सेकंद दाखवा. वर्गमित्र चालणार नाही, त्याला तुमचं सगळं आधीच पाठ असतं. मग कागद काढून घ्या आणि तीन प्रश्न विचारा. काय शिकलीय? कोणती परीक्षा पास आहे? हाताने काय काम केलंय? पहिल्या दोनांची उत्तरं आली आणि तिसऱ्याचं नाही, तर पाचवी-सहावी ओळ दुरुस्त करा, त्यातला कामाचा शब्द डावीकडे आणा. पहिलंच उत्तर आलं नाही तर बहुधा दुसरी ओळ फार बारीक आहे किंवा मध्ये भरमसाट उभ्या रेघा आहेत. आणि मित्र म्हणाला, "डिझाइन भारी आहे," तर समजा की त्याचे सातही सेकंद डिझाइनने खाल्ले. हाच प्रयोग दोन-तीन जणांवर करा, दर वेळी नवा माणूस घ्या, कारण एकदा बघितलेल्याची दुसरी नजर पहिली राहत नाही.

जाहिरात बदलली की पाचवी, सहावी आणि पंधरावी ओळ बदलायची. बाकीच्या बारा तशाच राहू दे. त्या तीन ओळी बदलायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास जाहिरातीतली 'इष्ट पात्रता' ही ओळ दोनदा वाचण्यापासून सुरू होतो.